पाणी ओतायचं की नाही?

२६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगावात रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल: आधी भसाभस धूर, मग ज्वाळा. परवा आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवायचा विषय निघाला, तेव्हा तोच व्हिडिओ पुन्हा ग्रुपवर फिरला. सोबत सल्ला होता : ‘बॅटरीच्या आगीवर पाणी ओतू नका, लिथियम भडकतं!’

हा सल्ला शाळेतल्या प्रयोगशाळेतून आला आहे. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला की तो तडतडत पळतो आणि लिथियम त्याच कुळातलं. पण बॅटरीत लिथियम धातूच्या तुकड्यासारखं भरलेलं नसतं. ते आयनांच्या रूपात एका बाजूच्या ग्राफाइटमध्ये आणि दुसऱ्या बाजूच्या धातूंच्या ऑक्साइडमध्ये ये-जा करत असतं. दोन्ही बाजूंच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो आणि सगळं पेट घेणाऱ्या सेंद्रिय द्रावणात भिजलेलं असतं.

दुसरी समजूत उन्हाची. ‘४२ अंशांत बॅटरी पेटणारच.’ नाही. धोक्याची सुरुवात साधारण ८० ते १०० अंशांच्या आसपास होते आणि तीही सेलच्या आत. उन्हाने बॅटरी लवकर म्हातारी होते हे खरं, पण ठिणगी बहुधा दुसरीकडून येते. उत्पादनाच्या वेळी आत राहिलेला धातूचा कण, अपघातात चेपलेला पॅक, आत शिरलेलं पाणी किंवा जास्त चार्ज होऊ देणारं सदोष नियंत्रण.

पुढे जे होतं ते गावाकडच्यांना ओळखीचं वाटेल. ओला कडबा रचून ठेवला की गंजी आतून तापते. बाहेरून हात लावला तर काही कळत नाही. आतली उष्णता बाहेर पडण्यापेक्षा वेगाने तयार होते आणि एक दिवस गंजी आपोआप धुमसू लागते. सेलमध्ये हेच काही सेकंदांत घडतं. आधी ग्राफाइटवरचा पातळ संरक्षक थर मोडतो आणि त्यातून उष्णता निघते. तिने १३० अंशांच्या आसपास प्लास्टिकचा पडदा वितळू लागतो. दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, शॉर्ट सर्किट होतं. मग २०० अंशांच्या पुढे निकेलवाल्या ऑक्साइडची रचना कोसळते आणि त्यातून प्राणवायू सुटतो. गोम अशी, की तापमानाबरोबर रासायनिक क्रियेचा वेग पटीपटीने वाढतो, बाहेर जाणारी उष्णता मात्र साध्या प्रमाणात. एकदा तयार होणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेच्या पुढे गेली की मागे फिरणं नाही.

थोडं गणित करू. अंगठ्याहून जरा जाड असा एक सेल घ्या : ३.६ व्होल्ट, ५ अँपिअर-तास, म्हणजे १८ वॉट-तास. ३,६०० ने गुणलं की सुमारे ६५ हजार ज्यूल. सेलचं वजन ७० ग्रॅम. त्याचा एक ग्रॅम एक अंशाने तापवायला साधारण एक ज्यूल लागतो, म्हणजे पूर्ण सेलला अंशामागे ७० ज्यूल. भागाकार करा : ९०० अंशांहून जास्त! ही फक्त साठवलेली वीज. द्रावण जळण्याची उष्णता अजून धरलेलीच नाही. आणि चार युनिट विजेच्या स्कूटर-पॅकमध्ये असे दोनशेहून अधिक सेल खेटून बसलेले असतात. एकाने शेजाऱ्याला १०० अंशांपलीकडे नेलं की पुढचा गडी तयार.

म्हणूनच ही आग वेगळी. लाकूड पेटलं तर ओलं गोणपाट टाकून हवा तोडता येते. इथे ज्वाळा दबली तरी आतली क्रिया थांबत नाही, कारण तिला बाहेरच्या हवेची गरज नाही. वाळू किंवा पावडर टाकल्याने सेल थंड होत नाही. थंड करतं ते पाणीच, आणि ते भरपूर लागतं. दोन बादल्यांनी भागत नाही, कारण पॅक बंद पेटीत असतो आणि पाणी आत पोहोचत नाही. त्यामुळे पाणी मारणं हे अग्निशमन दलाचं काम, आपण लांब व्हायचं. तो पांढरा धूर म्हणजे बहुतांशी द्रावणाची पेटणारी वाफ. त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि फुफ्फुसं जाळणारा हायड्रोजन फ्लोराइड असतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या याबाबत बऱ्या, कारण फॉस्फेट आपला प्राणवायू घट्ट धरून ठेवतं. ‘आमची बॅटरी पेटतच नाही’ ही जाहिरात मात्र खोटी, कारण पेटणारी वाफ त्यांतूनही येते. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधायला हरकत नाही, पण त्याआधी पॅक फुगलाय का ते बघा. फुसफुस किंवा फटफट आवाज आला किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर चार्जर काढायलासुद्धा जवळ जाऊ नका. जमल्यास मेन स्विच लांबून बंद करा.

आणि विझलेली स्कूटर पुन्हा पार्किंगमध्ये लावू नका. न जळलेल्या सेलमध्ये वीज शिल्लक असते. काही तासांनी, कधी काही दिवसांनीही स्कूटर परत पेटू शकते. उघड्यावर, भिंतीपासून आणि इतर गाड्यांपासून लांब ठेवा.