फ्री-लुक पिरियड

नवी आयुर्विमा किंवा आरोग्य विमा पॉलिसी हातात आल्यावर ती वाचून, नको वाटली तर परत करून प्रीमियम मागे घ्यायची मुदत. मराठीत याला रुळलेला शब्द नाही, एजंट आणि गिऱ्हाईक दोघंही 'फ्री लुक'च म्हणतात. ही सोय आधी आयुर्विम्याला, आयआरडीए या विमा नियामकाच्या 2002 च्या पॉलिसीधारक हितसंरक्षण नियमांत आली, तेव्हा मुदत 15 दिवस होती. 2017 च्या नियमांत फोनवरून-ऑनलाइन घेतलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक पॉलिसींना 30 दिवस होते, आणि 2024 च्या नियमांनी सगळ्यांनाच 30 केले.

खरा घोळ मुदतीच्या आकड्यात नसतो, मोजायला सुरुवात कुठून करायची यात असतो. नियमात पॉलिसी 'मिळाल्याची' तारीख आहे, छापल्याची नाही आणि पहिला हप्ता भरल्याची तर नाहीच. एजंट मात्र बरेचदा हप्त्याची तारीख धरून "मुदत संपली काका" म्हणून मोकळे होतात. म्हणून पाकीट फेकू नये, स्पीड पोस्टचा नंबर किंवा ईमेलची तारीख जपावी. कारण लिहावं का यावर दोन मतं दिसतात: 2002 च्या मजकुरात आक्षेपाची कारणं मागितली होती, नंतरच्या नियमांत अटी न पटण्याबरोबर 'अन्यथा'ही आलं, त्यामुळे एका ओळीचं कारण पुरेसं मानणं जास्त सयुक्तिक वाटतं. मात्र क्लेम केलेला नसावा.

पैसे पूर्ण मिळत नाहीत. समजा सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त काकांना बँकेत एफडी म्हणून एंडोमेंट पॉलिसी गळ्यात मारली, हप्ता 50,000, विमा रक्कम 5 लाख. जोखीम 3 जूनला सुरू झाली, पॉलिसी 11 जूनला घरी आली, अर्ज 2 जुलैला दिला, म्हणजे हातात आल्यापासून 22 वा दिवस. पण कव्हर 30 दिवस चालू होतं, तेव्हा हप्त्यातला निव्वळ विम्याचा भाग, म्हणजे वर्षाचा जोखीम-हप्ता, 1,460 धरला तर 120 रुपये कापले जातात. शिवाय स्टॅम्प ड्युटी विमा रकमेवर हजारी 20 पैशांनी 100, आणि मेडिकल तपासणी कंपनीने केली असेल तर तिचा खर्च, समजा 1,200. परत येतात 48,580. युलिपमध्ये, म्हणजे पैसे बाजारात गुंतवणाऱ्या विम्यात, युनिट्सचा त्या दिवशीचा भाव लागतो, तो वर-खाली होऊ शकतो.

अर्ज कंपनीच्या शाखेत द्यावा, एजंटच्या हातात नको. कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्यावी, सोबत मूळ पॉलिसी आणि कॅन्सल्ड चेक. "पुढच्या आठवड्यात मॅनेजर आले की बघू" असं ऐकू आलं तर त्याच दिवशी ईमेल टाकावा, कारण मुदत काही मॅनेजरसाठी थांबत नाही. अर्जापासून 7 दिवसांत परतावा द्यायचा असतो.

आरोग्य विम्यात ही सोय नव्या पॉलिसीलाच आहे, नूतनीकरणाला नाही.

कंपनीने नकार दिला किंवा तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर पुणेकरांना नारायण पेठेतल्या विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही आणि वकीलही लागत नाही.