सुपर-रेझोल्यूशन अपस्केलिंग आणि पुराव्याचा प्रश्न

सुपर-रेझोल्यूशन म्हणजे कमी पिक्सेलच्या फोटोवरून जास्त पिक्सेलचा फोटो तयार करायची पद्धत. लोक याला साधारणपणे "फोटो साफ करणं" किंवा "एन्हान्स करणं" म्हणतात आणि सगळा गोंधळ या शब्दांपासूनच सुरू होतो. कारण साफ करणं म्हटलं की वाटतं खाली खरा फोटो आहे, वर धूळ बसलीय, ती पुसली की झालं. इथे खाली काहीच नसतं. जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते सॉफ्टवेअर नव्याने काढून देतं, आणि ते शोभेल असं काढतं म्हणून आपल्याला ते सापडल्यासारखं वाटतं.

हे का होतं ते चार पिक्सेलवर बघू. समजा शेजारशेजारच्या चार ठिपक्यांची ब्राइटनेस २०, १८०, ४०, १६० आहे आणि फोटो लहान करताना त्या चारांचा एकच पिक्सेल झाला. बेरीज ४००, सरासरी १००, म्हणजे नवीन पिक्सेल १००. आता उलट जायचंय, हातात फक्त १०० आहे. मूळ चार कोणते? १८०, २०, १६०, ४० पण चालतील, चारही १०० असले तरी चालतील, अजून हजारो जोड्या चालतील आणि सगळ्यांची सरासरी बरोब्बर १००च येईल. कितीही भारी कॉम्प्युटर आणा, १०० या आकड्यात मूळ चार लपून बसलेले नाहीयेत, ते गेले.

मग मॉडेल नेमकं करतं काय? त्याला आधी लाखो चांगले फोटो दाखवतात, तेच फोटो लहान करून दाखवतात आणि लहानावरून मोठा ओळखायला लावतात. पहिल्या पिढीतली मॉडेल्स, २०१४ च्या आसपासची, "मूळ फोटोपासून सरासरी चूक कमीत कमी ठेव" एवढंच शिकायची. अशा मॉडेलसमोर दहा शक्यता आल्या की ते दहाही शक्यतांच्या मधलं काहीतरी देतं, म्हणून त्यांचे फोटो जरा मऊ, धुरकट दिसायचे. दिसायला वाईट, पण एक प्रकारे प्रामाणिक, कारण जिथे माहिती नाही तिथे धूसरच. नंतर २०१६-१७ पासून गॅन पद्धतीची मॉडेल्स आली. त्यात दुसरं एक नेटवर्क परीक्षक म्हणून बसवतात, जे फक्त एवढंच बघतं की हा फोटो खऱ्यासारखा वाटतो की नाही. आता मधलं उत्तर दिलं की परीक्षक नापास करतो, त्यामुळे मॉडेल दहातली एक शक्यता उचलतं आणि ठामपणे रंगवतं. पापण्यांचे केस, त्वचेची छिद्रं, सगळं. २०१८ मध्ये ब्लाउ आणि मिखाएली या दोघांनी गणितानेच दाखवलं की एका मर्यादेनंतर "खऱ्यासारखं दिसणं" आणि "मूळ फोटोच्या जवळ असणं" यात एक वाढवलं की दुसरं घटतं. थोडक्यात, फोटो जितका जास्त कडक दिसतोय तितका तो मूळापासून लांब गेलेला असू शकतो. गंमत म्हणजे संशोधकांनी हे कधी लपवलंच नव्हतं, २००० सालीच बेकर आणि कानाडे यांनी चेहरे मोठे करायच्या आपल्या कामाला भास या अर्थाचा शब्द वापरला होता.

चेहऱ्यांच्या बाबतीत सगळ्यात बोलकं उदाहरण २०२० चं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टीमने पल्स नावाची पद्धत काढली. ती १६ बाय १६ पिक्सेलचा चेहरा घ्यायची आणि १०२४ बाय १०२४ चा द्यायची. म्हणजे आत रंगाचे तीन-तीन धरून ७६८ आकडे, आणि बाहेर ३१ लाखांच्या वर. बाकीचे आकडे कुठून आले? पल्स त्या लहान फोटोत "सुधारणा" करतच नव्हती, ती चेहरे तयार करणाऱ्या एका वेगळ्या मॉडेलकडून एकेक काल्पनिक चेहरा घ्यायची, तो १६ बाय १६ ला लहान करून बघायची की दिलेल्या फोटोशी जुळतोय का, नाही जुळला तर चेहरा थोडा बदलून परत, असं करत करत जुळणारा चेहरा सापडला की तोच उत्तर. दुसऱ्या ठिकाणापासून शोध सुरू केला की दुसराच माणूस सापडायचा आणि तोही तितकाच जुळायचा.

त्याच वर्षी जूनमध्ये कोणीतरी बराक ओबामांचा पिक्सेल-पिक्सेल झालेला फोटो त्यात टाकला. मूळ व्यक्ती कोण हे तो धूसर फोटो बघून जगात कोणीही सांगेल. बाहेर आला एक गोरा माणूस. चेहरे तयार करणारं मॉडेल ज्या सुमारे ७०,००० फोटोंवर शिकलं होतं ते फ्लिकरवरून गोळा केलेले होते आणि त्यात गोरे चेहरे जास्त, त्यामुळे शोध तिकडेच जाऊन थांबायचा. यावर बरीच भांडणं झाली, डेटा पक्षपाती आहे वगैरे, ते खरंच आहे. पण माझ्या मते त्या भांडणात मुख्य गोष्ट मागे पडली. डेटा अगदी समतोल असता तरी बाहेर आलेला माणूस ओबामा नसताच, फक्त चूक एवढी डोळ्यात भरली नसती. पल्स बनवणाऱ्यांनीही साफ लिहिलं होतं की हे चेहरे काल्पनिक आहेत, यावरून खरा माणूस ओळखता येणार नाही.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण कोणी ना कोणी हमखास म्हणतं की "एन्हान्स केलेला फोटो परत लहान केला तर मूळ फुटेजशी तंतोतंत जुळतो, मग चुकीचा कसा?" तो गोरा माणूसही जुळतच होता की. परत लहान करून जुळणं हे पद्धतीतच घातलेलं आहे, अशा हजारो चेहऱ्यांना ते जमतं, म्हणून त्यावरून हाच चेहरा खरा हे सिद्ध होत नाही.

नंबर प्लेटचं प्रकरण वरवर सोपं वाटतं, अक्षरं आणि आकडे मोजकेच, चेहऱ्यासारखे अगणित नाहीत. म्हणून एक अक्षर हातानेच करून बघू. ८ पिक्सेल रुंद, १२ उंच अशा चौकटीत इंग्रजी B आणि इंग्रजी 8 काढा, रेघ २ पिक्सेल जाड, काळ्या रेघा पांढऱ्यावर, काळ्याची ब्राइटनेस ० आणि पांढऱ्याची २५५ धरा. फरक एवढाच ठेवा की 8 चे डावीकडचे दोन कोपरे एकेक पिक्सेल कापलेत आणि B चे चौकोनी आहेत. लांबच्या कॅमेऱ्यात हे अक्षर २ बाय ३ पिक्सेलचं झालं, म्हणजे दर ४ बाय ४ चौकटीचा एक पिक्सेल. डाव्या वरच्या चौकटीत B चे १६ पैकी १२ ठिपके काळे, ब्राइटनेस साधारण ६४. 8 चे ११ काळे, ब्राइटनेस साधारण ८०. खालच्या डाव्या चौकटीतही तसंच, आणि बाकी चार पिक्सेल दोघांचे अगदी सारखे. B की 8 याचं उत्तर फक्त दोन पिक्सेलमधल्या १६-१६ च्या फरकात आहे, आणि रात्रीच्या सीसीटीव्हीत नुसत्या नॉइजनेच एखादा पिक्सेल दहा-वीसने सहज वरखाली होतो. त्यात गाडी पळतेय म्हणून फरपटलेल्या रेघा, आणि व्हिडिओ कॉम्प्रेशनने असे बारीक फरक आधीच सपाट करून टाकलेले.

अशा सहा पिक्सेलवर अपस्केलिंग मॉडेल चालवलं तर ते "B किंवा 8, सांगता येत नाही" असं कधीच म्हणत नाही. म्हणायची सोयच नाहीये त्यात. ते एक सुबक, कडक कडांचं अक्षर काढून देतं. शिकताना त्या जागी आकडे जास्त बघितले असतील तर आकडा काढेल, चिखलाचा डाग असेल तर त्याची रेघ करेल. धूसर फोटो बघताना माणूस निदान डोळे बारीक करून "बहुतेक 8" म्हणतो, ते "बहुतेक" इथे पुसलं जातं. मला तरी यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच वाटते. आकडा बदलला तरी दिसायला स्वच्छच राहतो हे काही नवीन नाही म्हणा, २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवलं होतं की एका मोठ्या कंपनीची कॉपी मशिन्स स्कॅन करताना आकडेच बदलतात, घराच्या नकाशात २१.११ आणि १७.४२ चौरस मीटरच्या खोल्यांवरही १४.१३ छापून आलं, अगदी स्पष्ट अक्षरात. ते अपस्केलिंग नव्हतं, फाइल लहान करायला सारखे दिसणारे तुकडे एकमेकांच्या जागी वापरले जात होते, पण फसगत त्याच जातीची.

कोर्टात हा प्रश्न सरळ आला तो २०२४ मध्ये, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात किंग काउंटीच्या कोर्टात. तिहेरी खुनाच्या खटल्यात बचाव पक्षाला फोनवर घेतलेली सुमारे १० सेकंदांची क्लिप एआयने एन्हान्स करून दाखवायची होती. सरकारी बाजूच्या तज्ज्ञाने मोजून सांगितलं की नव्या व्हिडिओत मूळाच्या साधारण १६ पट पिक्सेल आहेत. ज्याने एन्हान्स केलं होतं त्याला ते टूल कोणत्या व्हिडिओंवर शिकलंय हे माहीत नव्हतं. न्यायाधीशांनी तो व्हिडिओ नाकारला. कारण असं की या पद्धतीला फॉरेन्सिक व्हिडिओ क्षेत्रात मान्यता नाही, आत काय चालतं ते तपासता येत नाही, आणि काय घडलं हे दाखवण्याऐवजी टूलच्या मते काय असायला हवं ते दाखवलं जातं. इथे मागणी आरोपीची होती हेही लक्षात घ्या, म्हणजे फक्त पोलिसांना आवर घालायचा असा हा विषय नाही.

याचा अर्थ फुटेजला हातच लावायचा नाही असं नाही. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवणं, तिरकी प्लेट सरळ करणं, साध्या सूत्राने फोटो मोठा करणं, हे चालतं, कारण प्रत्येक पायरी लिहून ठेवता येते आणि दुसऱ्याने तेच केलं तर तेच उत्तर येतं. अनेक फ्रेम एकत्र करणं तर खरोखर नवीन माहिती देतं. गाडी दर फ्रेमला पिक्सेलच्या काही अंशाने सरकते, त्यामुळे वरच्या हिशोबातला १०० चा एक पिक्सेल दर वेळी जरा वेगळ्या चार ठिपक्यांची सरासरी देतो आणि तेवढी नवी समीकरणं हातात येतात. पण लेन्सच आउट ऑफ फोकस असेल किंवा कॉम्प्रेशनने ते फरक मारले असतील तर शंभर फ्रेम घेऊनही हाती फारसं काही लागत नाही.

प्लेटसाठी जाणकार उलट्या दिशेने जातात. फुटेज वर चढवायचं नाही, संशयित अक्षरं खाली उतरवायची. त्याच कॅमेऱ्याने, तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच उजेडात B, 8, 6, 1 सगळ्यांचे फोटो घ्यायचे आणि मूळ पिक्सेलशी ताडून बघायचं. 1 साफ बाद होतो, 6 बहुधा बाद होतो कारण त्याची वरची उजवी बाजू उघडी असते आणि तिथला पिक्सेल १२८ च्या आसपास उजळ येतो. B आणि 8 दोन्ही उरतात, आणि अहवालात दोन्ही तसेच लिहायचे.