गेटपाशी झोपणारीला नाही, घरातलीला होतो: पायोमेट्राची पार्श्वभूमी

सोसायटीच्या गेटपाशी एक मादी झोपलेली असते, तिच्या कानाला नसबंदीची खूण म्हणून खाच असते. वर चौथ्या मजल्यावर एक नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर राहते. तिला वेळेवर लस, वेळेवर जेवण, सगळं मिळतं. या दोघींपैकी पायोमेट्राने, म्हणजे गर्भपिशवीत पू होऊन, मरण्याचा धोका चौथ्या मजल्यावरचीला आहे. गेटपाशीचीची गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं पालिकेच्या नसबंदी मोहिमेत कधीच काढलेली असतात, त्यामुळे तिला हा आजार व्हायला जागाच राहिलेली नसते.

भटक्या कुत्र्यांचं काय करायचं, हा मुंबईतला फार जुना वाद आहे. १८३२च्या जूनमध्ये पोलिसांनी कुत्री मारायला घेतली, तेव्हा फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. तरी कुत्री मारणं काही थांबलं नाही. महापालिका ते थेट १९९४पर्यंत करत राहिली आणि त्यानंतर नसबंदीचा मार्ग धरला गेला. २००१मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम केले, २०२३मध्ये ते नव्याने आले. पिल्लांची संख्या आणि रेबीज आटोक्यात ठेवणं हा या मोहिमेचा हेतू होता, पायोमेट्रा तिथे कुणाच्या डोक्यातही नव्हता. पण मादीच्या नसबंदीत नुसत्या नळ्या बांधत नाहीत, अंडाशयांसकट गर्भपिशवी काढतात. म्हणून रस्त्यावरच्या माद्यांना हे संरक्षण आपोआप मिळालं.

घरातल्या मादीला ते मिळालं नाही, कारण तिच्या बाबतीत पिल्लांचा प्रश्नच नव्हता. ती पट्ट्याशिवाय खाली उतरत नाही, मग ऑपरेशन कशाला, असा हिशेब. शिवाय ‘एकदा तरी पिल्लं होऊ देत बिचारीला’ हा आग्रह आहेच, आणि भुलीची भीतीही. यातलं काहीच वेडगळ नाही. फक्त हा सगळा हिशेब पिल्लांचा आहे, पिशवीचा त्यात विचारच नाही.

आजाराचं मूळ कुत्र्यांच्या शरीरक्रमात आहे. मादी हीटवर, म्हणजे माजावर, आली की साधारण तीन आठवडे तो काळ चालतो. त्यानंतर अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक पाझरू लागतं आणि जवळपास दोन महिने पाझरत राहतं. गर्भ राहिला असो वा नसो, हा काळ साधारण तेवढाच असतो. बाईच्या बाबतीत गर्भ नसेल तर शरीराला ते दोन आठवड्यांत कळतं आणि पाळी येते. कुत्रीच्या शरीराला कळत नाही, त्यामुळे प्रत्येक हीटनंतर तिची पिशवी पिल्लं येणार अशाच तयारीला लागते. अस्तर जाड होतं, ग्रंथी वाढून स्राव करू लागतात, पिशवीचं तोंड मिटतं, स्नायू आकुंचन पावायचे थांबतात आणि गर्भाला नाकारू नये म्हणून तिथली रोगप्रतिकारशक्ती नरम पडते. वर्षातून दोनदा हे घडतं. आठ-नऊ वर्षांची होईतो पंधरा-सोळा वेळा झालेलं असतं, आणि दरवेळी जाड झालेलं अस्तर पुन्हा पूर्ववत होईलच असं नाही. त्यात पाण्याने भरलेल्या बारीक गाठी राहून जातात.

हीटच्या दिवसांत पिशवीचं तोंड उघडं असतं, तेव्हा जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो, म्हणजे तिच्याच आतड्यात राहणारा. तरुण मादीची पिशवी त्याला धुऊन काढते. म्हातारीच्या, गाठी झालेल्या पिशवीत मात्र त्याला ऊब मिळते, खाद्य मिळतं आणि मिटलेलं दारही मिळतं.

हा क्रम एका दिवसात उलगडला नाही. प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती आलं ते १९३४मध्ये. पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये डाऊ या पशुरोगतज्ज्ञाने आजारी माद्यांच्या पिशव्या बारकाईने तपासल्या, अस्तरातल्या बदलांच्या पायऱ्या मांडल्या आणि बाहेरून संप्रेरक देऊन तसाच आजार प्रयोगात घडवूनही दाखवला. तोवर पायोमेट्रा म्हणजे कुठूनतरी आलेला संसर्ग असा समज होता. डाऊनंतर दिसू लागलं की जंतू नंतर येतो, जमीन संप्रेरकाने आधीच तयार केलेली असते. तरीही १९६०च्या दशकात हीट टाळण्यासाठी प्रोजेस्टेरॉनसारखीच औषधं कुत्र्यांना टोचली गेली. अमेरिकेत असं एक इंजेक्शन पिशवीच्या तक्रारींमुळे त्याच दशकात मागे घ्यावं लागलं. ‘हीट थांबवायचं इंजेक्शन देता का?’ असं आजही विचारलं जातं, म्हणून हे सांगून ठेवलं. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनच्या इंजेक्शननेही धोका वाढतो.

हा आजार किती माद्यांना होतो, याचा चांगला अंदाज स्वीडनमधून मिळाला. तिथे १९८८पर्यंत वैद्यकीय कारणाशिवाय कुत्र्यांची नसबंदी करायला परवानगी नव्हती आणि नंतरही ती फारशी रुळली नाही. मात्र कुत्र्यांचा विमा सर्रास असतो. विम्याच्या नोंदी २००१मध्ये तपासल्या तेव्हा दिसलं, की वयाच्या दहा वर्षांपर्यंत जवळपास दर चार माद्यांमागे एकीला पायोमेट्रा होतो. जातीप्रमाणे हे प्रमाण बरंच बदलतं. पिल्लं झालेल्या माद्यांमध्ये धोका काहीसा कमी दिसतो, पण संपत नाही.

आता ती चौथ्या मजल्यावरची घेऊ. व्हेटकडे जशा केसेस येतात तशीच एक रचून सांगतो. मुलुंडमधलं घर, लॅब्रॅडॉर नऊ वर्षांची, वजन २८ किलो. जुलैच्या अखेरीस हीटवर आली, ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळं आटोपलं. गणपती बसायच्या सुमारास ती पाणी जास्त पिऊ लागली. वाटी सारखी रिकामी, आणि एकदा रात्री हॉलमध्ये लघवी. पावसामुळे खाली नीट नेलं नाही म्हणून झालं असेल, असं सगळ्यांनी धरलं. दोन दिवसांनी तिने जेवण अर्धवट सोडलं, मग उलटी झाली. पाहुण्यांनी मोदक भरवले होते, दोष मोदकांवर गेला. ताप पाहिला तर नाही. खालून स्रावही नाही. पोट जरा सुटल्यासारखं वाटत होतं, पण लॅब्रॅडॉरचं पोट कोण मोजतो? तिसऱ्या दिवशी ती उठेना, तेव्हा दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, शेवटची हीट कधी झाली.

‘ती तर महिन्यापूर्वीच झाली, डॉक्टर. त्याचा काय संबंध?’

संबंध तोच होता. हीट सुरू झाल्यापासून साधारण चार ते दहा आठवडे हा धोक्याचा काळ, आणि ही बरोबर त्यात बसत होती. या आजारात पाणी वाढतं त्याचं कारण ई. कोलायचं विष मूत्रपिंडावर परिणाम करतं. लघवी दाट करण्याचा मेंदूकडून येणारा संदेश मूत्रपिंडाला कळेनासा होतो, पातळ लघवी भरमसाट जाते आणि ती भरून काढायला मादी पीत राहते. निरोगी कुत्रं दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितं, १००च्या वर गेलं तर नक्की जास्त. म्हणजे २८ किलोच्या मादीला दीड लिटर ठीक, पावणेतीन लिटरच्या पुढे नाही. घरी हे मोजता येतं. सकाळी मोजून पाणी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं. मात्र मादी सुस्त असेल तर मोजत बसू नये, थेट न्यावं.

तापावर भिस्त ठेवू नये. बऱ्याच माद्यांना तो येत नाही, आणि विष रक्तात भिनल्यावर अंग उलट गार पडतं. स्राव दिसला, म्हणजे तपकिरी, लालसर किंवा पिवळट आणि घाण वासाचा, तर पिशवीचं तोंड उघडं आहे आणि निदान सोपं जातं. काही माद्या सतत चाटून तोही साफ करतात, त्यामुळे बिछान्यावरचे डाग पाहावे लागतात. सगळ्यात फसवा प्रकार मुलुंडच्या मादीचा, तोंड मिटलेला. बाहेर काहीच दिसत नाही आणि आत पू साठत राहतो. पिशवीच्या भिंती ताणून पातळ होतात, विष रक्तात उतरतं, मूत्रपिंड दमतं. पिशवी फुटली तर पू पोटात पसरतो. हे काही तासांतही होऊ शकतं, म्हणून हा आजार ‘सोमवारी बघू’ म्हणण्याचा नाही.

तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी ४८,००० निघाल्या. १७,०००पर्यंत नेहमीच्या असतात. मूत्रपिंड दमल्याचं दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं होतं. सोनोग्राफीत पिशवीच्या दोन्ही शाखा द्रवाने भरून जाड नळ्यांसारख्या दिसल्या. निदान झालं तरी लगेच टेबलावर घेतलं नाही. आधी शिरेतून सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू केली, रक्तदाब सावरला आणि काही तासांनी, त्याच रात्री, ऑपरेशन झालं. सावरायला दिलेला तो वेळ वाया जात नाही, भूल सोसायची ताकद त्यातूनच येते. पण त्या नावाखाली दोन दिवस थांबायचंही नसतं. पिशवी न फोडता अखंड बाहेर काढावी लागते, आणि ताणलेली पिशवी हाताळताना फाटू शकते. म्हणून निरोगी मादीची नसबंदी आणि हे ऑपरेशन नावाला एकच असलं, तरी जोखीम आणि खर्च यांत खूप अंतर असतं. वेळेवर ऑपरेशन झालं तर बहुतेक माद्या वाचतात. पिशवी फुटल्यावर तसं म्हणता येत नाही.

‘आधी गोळ्या देऊन बघू या’ हा मोह साहजिक आहे. नुसत्या अँटिबायोटिकने ताप उतरतो, भूक जरा परतते आणि घरच्यांना हायसं वाटतं. पण साठलेला पू आतच राहतो आणि अस्तर बदलत नाही. १९८०च्या दशकापासून पिशवी आकुंचन पाववणारी प्रोस्टाग्लँडिनची इंजेक्शनं वापरात आली, १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये प्रोजेस्टेरॉनला अडवणारं औषध आलं. हे उपाय तरुण, तब्येतीने धड, तोंड उघडं असलेल्या आणि पुढे पिल्लं हवीच असलेल्या मादीसाठी आहेत. मिटलेल्या तोंडावर नुसतं आकुंचनाचं औषध दिलं तर पिशवी फुटण्याची भीती असते. उपचार लागू पडले तरी पुढच्या एखाद्या हीटनंतर आजार परत येऊ शकतो, म्हणून अशा मादीला लगेचच्या हीटला गाभण करून नंतर पिशवी काढण्याचा सल्ला देतात. नऊ वर्षांच्या, क्रिएटिनिन वाढलेल्या मादीसाठी यातलं काहीच नाही.

आधीच नसबंदी करायची ठरवली, तर हीट संपल्यावर दोन-तीन महिने थांबून करतात. तेव्हा प्रोजेस्टेरॉन उतरलेलं असतं आणि पिशवीचा रक्तपुरवठाही कमी असतो. सात-आठ वर्षांच्या मादीलाही रक्त, मूत्रपिंड आणि हृदय तपासून हे ऑपरेशन करता येतं. नसबंदी झालेल्या मादीत हा आजार क्वचित दिसतो, तो अंडाशयाचा तुकडा आत राहून गेला असेल तर. अशी मादी ऑपरेशननंतरही हीटवर आल्यासारखी वागते, नर मागे लागतात, योनी सुजते. तसं दिसलं तर व्हेटला तारखेसह कळवावं, कारण उरलेल्या पिशवीच्या टोकाला पू होण्याची शक्यता त्यानंतरच्या त्याच चार ते दहा आठवड्यांत असते.