ध्वनिक्रमाने मराठी वाचन

‘क’ ते ‘ज्ञ’ पाठ होण्याची वाट न पाहता थोडीच अक्षरे शिकवायची आणि त्यांचेच शब्द, त्यांचीच वाक्ये लगेच वाचायला द्यायची, ही पद्धत. मजकुरात न शिकवलेले अक्षर किंवा चिन्ह येऊ द्यायचे नाही, हा तिचा मुख्य नियम.

पहिला गट न, म, र, क, घ, ब आणि काना असा घेता येतो. घर, नाक, काम, मामा हे शब्द जमतात, पण वाक्ये बहुतेक हुकूमच निघतात: ‘बाबा, घर बघ.’ ‘काका, काम कर.’ ‘घर’ वाचताना मूल ‘घ-र’ असे तोडते आणि शेवटच्या ‘र’मध्ये ‘अ’ लांबवते. तिथे ‘घर्’ असा उच्चार कानावर घालावा लागतो.

दुसऱ्या गटात आ, ल, त आणि दुसरी वेलांटी आली की भूतकाळ हाती लागतो, आणि भूतकाळाबरोबर गोष्ट: ‘मामा आला. काकी आली.’ दुसरी वेलांटी आधी घेण्याचे कारण साधे आहे. ती अक्षरानंतर लिहितात आणि नंतरच उच्चारतात. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि बोलायची नंतर, म्हणून ती उशिरा.

तिसऱ्या गटात ग, ण, ळ. नागपुरात खरी कसोटी इथे. वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ होते. हिंदी बोलणाऱ्या घरातले मूल ‘ळ’ला ‘ल’ म्हणते. म्हणून ही अक्षरे ‘ल’ आणि ‘न’ पक्के झाल्यावरच आणावीत. या टप्प्याचा उतारा:

माळी आला. काळी माती आणली. मीना आली. ती गाणी गात आली. “मीना, काळी माती बघ.”

मुलाने ‘कायी माती’सारखे काही वाचले तर लगेच चूक धरू नये. ‘काळा’, ‘काला’ अशी दोन कार्डे मांडून ‘रंगाचा शब्द कोणता?’ विचारावे. बोट ‘काळा’वर गेले तर वाचन बरोबर आहे, उच्चार घरचा आहे. बोट ‘काला’वर गेले तर अक्षरांची गल्लत आहे आणि तेवढ्यापुरते मागे जावे. माती कोणी आणली, हेही विचारावे. ते वाक्यात लिहिलेले नाही, आधीच्या वाक्यावरून कळते.

पाठांतराची शंका असेल तर ‘घाबन’, ‘नकाम’ असे निरर्थक शब्द द्यावेत. चित्र पाहून किंवा अंदाजाने ते वाचता येत नाहीत.

पुढे ‘ह’ आणि मात्रा (त्यामुळे ‘आहे’), उकार, अनुस्वार आणि शेवटी जोडाक्षरे. गंमत अशी की नागपूरचे मूल ‘संत्री’ सगळ्यात आधी ओळखते, पण अनुस्वार आणि ‘त्र’ यांमुळे तो शब्द वाचायला मिळतो अगदी शेवटी. तोवर तो चित्राखाली छापू नये.