प्राथमिक शाळेत कीबोर्ड शिक्षकपदासाठी अर्ज करताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या अर्जलेखन कार्यालयात संगीताचे पदवीधर बायोडाटा घेऊन येतात, तेव्हा त्यासोबतचे पत्र म्हणजेच कव्हर लेटर त्यांनी बहुधा आधीच लिहिलेले असते, आणि ते बायोडाट्याचीच दुसरी प्रत असते. पदवी, विशारद, महाविद्यालयीन स्पर्धांतील बक्षिसे हे सारे बायोडाट्यात आलेले असते. पत्रात ते पुन्हा वाचणाऱ्या मुख्याध्यापकांना, जे बहुतेक वेळा स्वतः वादक नसतात, पडलेला प्रश्न मात्र वेगळाच असतो. पस्तीस मिनिटांच्या तासात, चाळीस मुलांपुढे आणि मोजक्या वाद्यांवर ही व्यक्ती नेमके काय करणार आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे असते.

एक उदाहरण पाहू. कंठसंगीत हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवलेल्या आणि हार्मोनियमवर चांगला हात असलेल्या एका उमेदवार ताईंनी पहिल्या मसुद्यात लिहिले होते, ‘मला मुलांची आवड असून मी त्यांना कीबोर्ड उत्तम शिकवू शकेन.’ या वाक्यातून मुख्याध्यापकांच्या हाती काहीच लागत नाही. शाळेच्या जाहिरातीत चार कीबोर्ड असल्याचा उल्लेख होता, म्हणून आम्ही ताईंबरोबर बसून दुसरीच्या एका तासाचा हिशेब मांडला. प्रत्येक मुलाला एकेकटे वाजवायला दिले, तर वाट्याला एक मिनिटही येत नाही. चौघांचे दहा गट केले, तर प्रत्येक गटाला दोन मिनिटे, म्हणजे एकूण वीस मिनिटे मिळतात. जागा बदलण्यात पाच मिनिटे जातात आणि सुरुवातीच्या एकत्र गाण्यासाठी दहा उरतात. त्यावरून पत्रातला मधला परिच्छेद असा झाला :

‘पहिल्या महिन्यात मी उजव्या हाताच्या पाच बोटांखाली येणारे पांढरी एकपासूनचे सा, रे, ग, म, प हे पाचच स्वर घेईन, कारण या वयाच्या मुलांचा पंजा सप्तकभर पोहोचत नाही आणि हात न हलवता वाजवता आले की त्यांना बोटांकडे लक्ष देता येते. चार मुले कीबोर्डवर असताना उरलेली मुले कागदावर छापलेल्या पट्ट्यांवर तीच बोटे ठेवून स्वर म्हणतील, म्हणजे कोणीही रिकामे बसणार नाही.’

हा परिच्छेद वाचताना वर्ग डोळ्यांपुढे उभा राहतो. शाळेत एकच कीबोर्ड असेल, तर हेच गणित पुन्हा मांडावे लागते. म्हणून वाद्ये किती आहेत हे शाळेला दूरध्वनी करून विचारल्याशिवाय हा परिच्छेद लिहू नये.

यापुढची गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिथे उमेदवार अडखळतात. हार्मोनियमवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे तालीम मुख्यतः उजव्या हाताची होते. कीबोर्डवर मात्र डाव्या हाताने कॉर्ड धरायचे असतात. ‘दोन्ही वाद्ये सारखीच’ असे पत्रात लिहिले आणि मुलाखतीत दोन्ही हातांनी एखादे बालगीत वाजवायला सांगितले, की उणीव लगेच उघडी पडते. ताईंनी लिहिले, ‘माझी मुख्य तालीम कंठसंगीताची व हार्मोनियमची आहे, गेले आठ महिने मी डाव्या हाताच्या कॉर्डचा रोज सराव करत असून सोप्या बालगीतांना दोन्ही हातांनी साथ करू शकते.’ अशी कबुली दिल्याने पत्र कमकुवत होईल, ही भीती आम्हांला अनाठायी वाटते. उलट, मुख्याध्यापकांना त्यातून पुढे काय विचारायचे ते कळते.

गळ्याची तालीम मात्र आवर्जून लिहावी. परिपाठाची प्रार्थना पट्टी चढी असल्याने मुले ओरडून म्हणतात, हे अनेक शाळांत ऐकू येते. ‘ट्रान्सपोज’ची सोय असलेल्या कीबोर्डवर बोटे न बदलता पट्टी उतरवता येते, पण किती उतरवायची हे मुलांचे आवाज ऐकूनच ठरते, आणि ते ठरवणारा कान गायकाकडे तयार असतो. यासाठी पत्रात दोन वाक्ये पुरेत.

शैक्षणिक पात्रतेविषयी जाहिरातीत जे विचारले असेल, त्याचेच उत्तर द्यावे. शिक्षणशास्त्राची पदविका किंवा टीईटी मागितली असेल आणि ती तुमच्याकडे नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. संगीताची पदवी तिच्या जागी चालत नाही. सगळे पत्र एका पानात बसावे.

आमच्याकडे येताना जाहिरातीचे कात्रण, गुणपत्रिका आणि तुम्ही प्रत्यक्ष शिकवलेल्या मुलांची वये व संख्या लिहिलेला कागद आणावा; शेजारच्या दोन मुलांना शिकवले असेल तरी ते लिहून आणावे. जो अनुभव घेतलेला नाही, तो आम्ही पत्रात घालत नाही. मसुदा तयार झाल्यावर तो तुम्हांला मोठ्याने वाचून दाखवतो आणि ज्या वाक्याबद्दल मुलाखतीत तुम्ही बोलू शकणार नाही, ते तिथेच काढून टाकतो.