उरलेल्या पोळीचा डबा (रीलचे कॅप्शन आणि व्हॉइसओव्हर)

रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांपासून मुलांच्या शाळेच्या डब्यासाठी तीन पदार्थ दाखवणाऱ्या रीलला लागणारा बोललेला आणि लिहिलेला मजकूर. बोललेला भाग म्हणजे व्हॉइसओव्हर, रीलखालचा लिहिलेला भाग म्हणजे कॅप्शन. पश्चिम महाराष्ट्रात व मुंबईत अनेक घरांत पोळीला चपाती म्हणतात, त्यामुळे कॅप्शनमध्ये दोन्ही शब्द घालण्याची पद्धत आहे. शोधणारा कोणता शब्द टाइप करील याचा नेम नसतो. तीन पदार्थ बहुधा ठरलेले असतात : फोडणीची पोळी (कुस्करा), गूळ-तुपाचा लाडू आणि भाजीचा रोल. पैकी पहिले दोन रीलच्या कितीतरी आधीपासून घराघरांत होत आले आहेत. रोल नवा आहे, आणि डब्यात सर्वांत जास्त फसतो तोच.

तीन पदार्थ एकाच रीलमध्ये बसू लागले ते रीलची लांबी वाढल्यावर. भारतात टिकटॉकवर जून २०२० च्या अखेरीस बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केले, तेव्हा मर्यादा १५ सेकंदांची होती. तेवढ्यात एक फोडणी जेमतेम तडतडते. पुढे ही मर्यादा ६०, मग ९० सेकंद आणि २०२५ मध्ये ३ मिनिटे झाली. तरी डब्याची रील साधारण मिनिटभराचीच ठेवतात, कारण पाहणारी व्यक्ती बहुधा स्वयंपाकघरात घाईत उभी असते.

या रीलची मूळ अडचण वेळेची आहे. कॅमेऱ्यासमोर पदार्थ गरम असतो, वाफाळता असतो, पोळी मऊ असते. डबा उघडतो तीन-चार तासांनी, मधल्या सुट्टीत. मधल्या वेळात पोळीचे काय होते ते चित्रात कुठेच दिसत नाही. ते सांगण्याचे काम आवाजाचे. ‘आता आपण गूळ घालणार आहोत’ असे सांगणारा व्हॉइसओव्हर फुकट जातो, कारण गूळ पडताना दिसतोच आहे. डब्यापर्यंतच्या तीन तासांबद्दल सांगणारा उपयोगी पडतो. आणि माप? ऐकलेले माप कुणाच्या लक्षात राहत नाही, ते कॅप्शनमध्ये हवे.

पोळी शिळी होते म्हणजे ती नुसती वाळते असा समज आहे. पाणी उडते हे खरेच, पण झाकून ठेवलेली पोळीसुद्धा ताठ होते. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन मऊ झालेला असतो. गार होताना तो पुन्हा आकसून घट्ट बसतो आणि पोळी कडक लागते. फ्रिजच्या थंडाव्यात हे सर्वांत वेगाने होते, म्हणून फ्रिजमधली पोळी बाहेरच्या पोळीपेक्षा लवकर ताठरते. तव्यावर पाण्याचा हात लावून गरम केली की हा घट्टपणा सुटतो आणि पोळी ताजी असल्यासारखी वळते, पण गार झाली की पुन्हा आवळते. रोल करणाऱ्याला नेमके हेच नडते. लाडवाला आणि कुस्कऱ्याला मात्र ताठ पोळीच सोयीची, कारण ताज्या मऊ पोळीचा चुरा होत नाही, गोळा होतो.

मराठीत सावकाश पण न रेंगाळता बोलले तर मिनिटाला साधारण १२० ते १४० शब्द होतात. एवढे शब्द भरू नयेत. फोडणीचा चरचर आवाज मोकळा ऐकू यावा म्हणून दोन ठिकाणी तरी गप्प बसावे लागते, तेव्हा शंभराच्या आसपास शब्द पुरतात. नमुना म्हणून एक संहिता :

‘रात्रीची पोळी उरलीय? हे बघा तीन डबे. पहिला, फोडणीची पोळी. हातानेच कुस्करा, मिक्सर नको. कांदा मऊ झाला की चुरा टाका, पाणी शिंपडा, झाकण ठेवा. पोळीत मीठ असतं, तेव्हा मिठाला हात आखडता. ताटात पसरून गार करा, मगच डब्यात भरा. दुसरा, लाडू. इथे मात्र मिक्सर. किसलेला गूळ, कोमट तूप, आणि हाताने मळायचं. गूळ गॅसवर ठेवू नका, मधल्या सुट्टीपर्यंत दगड होतो. मुठीत दाबून आकार धरला की झालं. तिसरा, रोल. पाण्याचा हात लावून तव्यावर अर्धा मिनिट. आतून तूप, मग कोरडी बटाट्याची भाजी. सॉस डब्यात वेगळा. कोमट असतानाच कापडात घट्ट गुंडाळा. मापं खाली लिहिली आहेत.’

यातले प्रत्येक ‘नको’ कुणाचा तरी डबा परत आल्यावर सुचलेले आहे. कुस्कऱ्याला मिक्सर नको, कारण पात्याखाली थोडी पोळी पीठ होते आणि ते पीठ शिंपडलेले पाणी पिऊन लगदा करते. हाताने कुस्करली की काही तुकडे नखाएवढे, काही बारीक असे राहतात. बारीक चुरा फोडणी धरतो, मोठे तुकडे खाताना दाताखाली येतात. पाणी न शिंपडता परतली तर कढईत खमंग लागते आणि डब्यात भुसा होते. मूल परत आणते ती बहुधा हीच. पाण्याऐवजी ताक शिंपडले तर चव वाढते, पण उन्हाळ्यात डबा चार तास दप्तरात राहणार असेल तर पाणीच बरे. ताटात पसरून गार करण्याचे कारण झाकणाला दिसते : गरम भरलेल्या डब्याच्या झाकणाला आतून थेंब जमतात आणि ते वरच्या थरावर गळतात. भरायच्या आधी ताटाला खालून हात लावावा. कोमटसुद्धा लागले नाही म्हणजे वेळ झाली.

लाडवात चूक होते ती बहुतेक वेळा एकच. गूळ लवकर मिसळावा म्हणून तुपात टाकून गॅसवर वितळवतात. तो नुसता पातळ झाल्यावर उतरवला तर बिघडत नाही, पण बुडबुडे येईपर्यंत राहिला की पाक होतो आणि पाक गार झाल्यावर घट्ट बसतो. सकाळी सहाला सुरेख वळलेला लाडू दहाला सहा वर्षांच्या मुलाच्या दातांनी फुटत नाही. म्हणून साधा मऊ गूळ किसून घ्यायचा, चिक्कीचा गूळ नाही, आणि फक्त तूप कोमट करायचे. हाताच्या उबेने आणि तुपाने गूळ चुऱ्यात मुरतो. मिश्रण मुठीत दाबावे. आकार धरला आणि बोटाने टोचल्यावर भुसभुशीत फुटला तर बरोबर. धरला नाही तर अर्धा चमचा तूप आणखी. गूळ वाढवला की लाडू चिकट होतो आणि डब्यात एकमेकांना बिलगतो. ओवा किंवा मेथी घातलेली पोळी या लाडवाला चालत नाही, हे सांगायला बरेच जण विसरतात.

रोलच्या बाबतीत कोणती पोळी घेतली यावर बरेच अवलंबून असते. घडीच्या पोळीत थरांमध्ये तेल असते, ती गार झाल्यावरही वाकते. फुलका तेलाविना लाटलेला असतो, त्याचा रोल दुपारपर्यंत घडीवर तडकतो आणि भाजी डब्यात सांडते. हा फरक चित्रात अजिबात कळत नाही, कारण तव्यावरून उतरलेले दोन्ही सारखेच मऊ असतात. आतून तूप लावायचे ते चवीपेक्षा भाजीतले पाणी पोळीत शिरू नये म्हणून. सॉस किंवा पातळ चटणी आत लावली की बाहेरून कडा ताठ आणि आतून पोळी चिघळलेली, असा दोन्ही बाजूंनी तोटा होतो. बटाट्याची भाजी गार करून, कोरडी, थोडी कुस्करून भरावी. रोल मधोमध कापल्याचे दृश्य रीलमध्ये छान दिसते. डब्यात कापलेली कड उघडी राहून आधी वाळते, त्यामुळे कापलेल्या रोलचे दोन्ही तुकडे कापलेल्या कडा एकमेकींना चिकटवून कापडात किंवा बटर पेपरमध्ये गुंडाळावे लागतात.

कॅप्शनला इन्स्टाग्रामवर २२०० अक्षरांची मर्यादा आहे, पण स्क्रीनवर आधी त्यातली सुरुवातच दिसते, बाकीचे दाबून उघडावे लागते. पहिल्या ओळीत ‘नमस्कार मैत्रिणींनो’ लिहिले तर ती ओळ गेलीच. तिथे पदार्थांची नावे असावीत. वरच्या संहितेबरोबर असे कॅप्शन जाते :

‘शिळ्या पोळीचे / चपातीचे ३ डबे : कुस्करा, लाडू, रोल. (चमचा = पोह्याचा चमचा)
कुस्करा, एका डब्याला : २ पोळ्या, अर्धा कांदा, १ चमचा तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, १ चमचा पाणी, चिमूटभर साखर, मीठ चाखून.
लाडू, ४ लहान : २ पोळ्या, २ चमचे किसलेला गूळ, १ चमचा तूप.
रोल, एक : १ घडीची पोळी, २ चमचे कोरडी भाजी, अर्धा चमचा तूप.
पोळीला आंबूस वास किंवा तार असेल तर टाकून द्या.’

कंसातला ‘पोह्याचा चमचा’ अनावश्यक वाटेल, पण मराठी घरात चमचा म्हटले की कुणी चहाचा घेते, कुणी पोह्याचा, आणि चहाचा घेतला तर लाडवाला तूप कमी पडते. दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक पदार्थापुढे पोळ्यांची संख्या. ‘चार पोळ्या, तीन डबे’ हे शीर्षक कानाला गोड लागते, पण वरच्या मापाने तिन्ही पदार्थांना पाच पोळ्या लागतात. हिशेब न जुळणारे शीर्षक लावून चालवलेल्या रील्स कमी नाहीत.

पुष्कळ लोक रील आवाज बंद ठेवून पाहतात. त्यामुळे ‘गूळ गॅसवर नको’ आणि ‘गार करून भरा’ या दोन सूचना तरी चित्रावर अक्षरांत उमटवतात. बाकी सगळे आवाजावर सोडले तरी चालते. कुस्कऱ्यात शेंगदाणे घालण्याची रीत आहे, पण वर्गातल्या एखाद्या मुलाला त्यांची ॲलर्जी असू शकते आणि डबे वाटून खाल्ले जातात. म्हणून शेंगदाणे कॅप्शनमध्ये ‘हवे असल्यास’ असे वेगळे लिहिलेले बरे.

कॅप्शनच्या शेवटच्या ओळीतली तार म्हणजे पोळी तोडताना दोन तुकड्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा निघणारा चिकट धागा. दमट पावसाळ्यात किंवा गरम पोळ्या एकावर एक रचून डबा लगेच बंद केला असेल तर रात्रीतूनही ती येते. काही जिवाणूंची बीजे तव्याच्या उष्णतेतून वाचतात आणि उबदार, ओल्या पोळीत वाढतात. फोडणी देऊन अशी पोळी खाण्यालायक होत नाही. बुरशीचा ठिपका एका पोळीवर दिसला तर तिला चिकटलेल्या पोळ्याही डब्यासाठी घेऊ नयेत. पोळ्या रात्रीच गार करून, कापडात गुंडाळून, घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवल्या असतील तर त्या सकाळी ताठ असतात, पण तार नसते, आणि कुस्कऱ्याला तशाच लागतात.