पावसाळ्यातल्या ओल्या हवेने आंबा कसा वाळतो

पावसाळ्यात डिहायड्रेटर लावण्यात अर्थ नाही, कारण खोलीतली हवाच ओली असते आणि ओल्या हवेने काहीही वाळत नाही, असा समज बराच पसरलेला आहे. दोरीवरच्या कपड्यांपुरता तो खरा आहे. यंत्राच्या बाबतीत मात्र तो चुकतो, आणि का चुकतो हे समजले की तापमान किती ठेवावे, ताटल्यांत अंतर किती असावे व वेळ किती लागेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात.

जून महिन्यात कोकणातल्या किंवा मुंबईतल्या स्वयंपाकघरात तापमान २८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असणे नेहमीचे आहे. म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढे बाष्प मावू शकते, त्यातले ८५ टक्के आधीच भरलेले असते. हीच हवा यंत्रात शिरून ५७ अंशांपर्यंत तापली की तिच्यातले बाष्प तेवढेच राहते, पण बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे साडेचार पट होते. परिणामी सापेक्ष आर्द्रता ८५ वरून जवळपास १९ टक्क्यांवर येते. भर उन्हाळ्यातल्या विदर्भाची आठवण व्हावी इतकी ही हवा कोरडी असते. पंख्याचे काम ती फोडींवरून सतत वाहती ठेवण्याचे आणि बाष्पाने जड झालेली हवा बाहेर घालवण्याचे असते.

यानंतर जे घडते ते मला या यंत्रातले सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र वाटते. आतली हवा ५७ अंशांवर असली तरी पहिले काही तास आंब्याची फोड ५७ अंशांवर नसते. तिच्या ओल्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होत असते आणि त्यासाठी लागणारी उष्णता फोडीतूनही ओढली जाते. माठातले पाणी याच कारणाने गार होते. वर दिलेल्या आर्द्रतेचा हिशेब केला तर ओल्या फोडीचे तापमान ३२ अंशांच्या आसपास स्थिरावते. म्हणूनच फोड शिजत नाही. पृष्ठभाग ओला असेपर्यंत पाणी साधारण एकाच गतीने जात राहते आणि ती गती ठरते हवेचे तापमान, तिचा कोरडेपणा आणि तिचा वेग यांवरून.

पृष्ठभागावरचे पाणी संपले की दुसरा टप्पा सुरू होतो. आता पाण्याला फोडीच्या गाभ्यातून वर यावे लागते आणि ही वाटचाल फार संथ असते. तिला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ६ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटर जाडीची फोड कापली तर या टप्प्याला दुप्पट नव्हे, तर जवळपास चौपट वेळ लागतो. येथेच पुष्कळांचा धीर सुटतो आणि तापमान ७० अंशांवर नेले जाते. त्यामुळे वरचा थर झपाट्याने सुकून कडक कवच धरतो, आतले पाणी त्यामागे अडकते आणि हाताला कोरडी लागणारी फोड बरणीत आठवड्याभराने बुरशी धरते. तापमान वाढवण्यापेक्षा फोड पातळ कापणे हा खात्रीचा उपाय आहे.

एक किलो घट्टसर पिकलेल्या आंब्याच्या फोडी घेतल्या, तर त्यात साधारण ८२० ग्रॅम पाणी आणि १८० ग्रॅम घन पदार्थ असतो. घन पदार्थ कोठे जात नाही. वाळलेल्या फोडीत १५ टक्के पाणी शिल्लक ठेवायचे असेल, तर शेवटचे वजन १८० भागिले ०.८५, म्हणजे सुमारे २१० ग्रॅम भरले पाहिजे. त्यामुळे घड्याळापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा अधिक विश्वासार्ह ठरतो. ६ मिलिमीटर जाडीच्या फोडींना ५७ अंशांवर साधारण दहा ते बारा तास लागतात, परंतु आंब्याची जात, त्याची पक्वता आणि यंत्राचा पंखा यांनुसार त्यात दोन-तीन तासांचा फरक सहज पडतो.

ताटल्यांचा प्रश्नही याच हवेचा आहे. पहिल्या ताटलीवरून गेलेली हवा थंड आणि ओलसर होऊनच पुढच्या ताटलीवर पोहोचते. पंखा तळाशी असलेल्या गोल यंत्रात खालची ताटली आधी वाळते, म्हणून दर दोन-तीन तासांनी ताटल्यांची वर-खाली अदलाबदल करावी लागते. पंखा मागे असलेल्या कपाटासारख्या यंत्रात हवा आडवी वाहते, तेथे ताटली फक्त मागची पुढे फिरवली तरी पुरते. दोन ताटल्यांत अडीच-तीन सेंटिमीटर आणि दोन फोडींत अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा असावी. फोडी एकमेकींवर चढल्या की त्या जागी पृष्ठभागच उरत नाही आणि नेमका तोच भाग शेवटी चिकट राहतो.

पुदिना आणि कढीपत्ता यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो आणि पाने पातळ असल्याने त्यांना अधिक उष्णतेची गरजही नसते. अनेक माहितीपुस्तिका त्यांच्यासाठी ३५ अंश सुचवतात. कोरड्या प्रदेशात ते ठीक आहे. परंतु आपली जूनमधली हवा ३५ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ५७ टक्क्यांपर्यंतच उतरते आणि पाने कितीही वेळ ठेवली तरी कुरकुरीत होत नाहीत. ४५ अंशांवर ती ३३ टक्के होते. पावसाळ्यात थोडा सुगंध गमावूनही ४० ते ४५ अंश ठेवणे शहाणपणाचे, आणि पाने दोन ते चार तासांत चुरगळू लागली की थांबावे.

उडदाच्या पापडात मुळातच पाणी कमी असते, म्हणून ४५ ते ५० अंशांवर त्याला तास-दीड तास पुरतो. तो एका बाजूनेच वाळला तर ती बाजू आकसते आणि कडा वर वळतात, पापड सावलीत वाळवण्याची जुनी रीत याच कारणाने आहे. अर्ध्या वेळाने तो उलटावा. तळाशी पंखा असलेल्या यंत्रात पापड जाळी झाकून हवेची वाटच अडवतात, तेव्हा प्रत्येक ताटलीत थोडेच ठेवावेत आणि वरच्या ताटलीतले पापड खालच्या मोकळ्या जागांवर येतील असे मांडावेत. विटाळात बाईने हात लावला की पापड लाल पडतात किंवा नासतात, असे आजही सांगितले जाते. पापड नासवते ती शिल्लक राहिलेली ओल, आणि ती कोणाच्या स्पर्शाने वाढत नाही.

वाळलेल्या फोडी गार झाल्या की लगेच बरणीत भराव्यात, कारण ८५ टक्के आर्द्रतेत उघड्या राहिल्या तर त्या पाणी परत ओढून घेतात. बरणी दोन-तृतीयांश भरावी आणि आठवडाभर रोज हलवावी, म्हणजे काही फोडींतली जास्तीची ओल सर्वांत सारखी पसरते. काचेवर आतून दव दिसले तर फोडी पुन्हा यंत्रात जाव्यात. अधिक नेमकी परीक्षा हवी असेल, तर बाजारात मिळणारा छोटा आर्द्रतामापक बरणीत ठेवून झाकण घट्ट लावावे आणि दुसऱ्या दिवशी आकडा पाहावा. बंद हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली स्थिरावली असेल, तर बुरशीला वाढण्यापुरतेही मोकळे पाणी फोडीत उरलेले नसते. असे स्वस्त मापक चार-पाच टक्क्यांनी चुकू शकतात, त्यामुळे ५५ च्या खालचा आकडा दिसेपर्यंत मी बरणी कपाटात ठेवत नाही.